आठ तास उपवास : एका संमतीपत्राच्या मराठी अनुवादाची तपासणी

मधुमेहावरच्या एका नव्या गोळीची चाचणी परळच्या एका रुग्णालयात सुरू व्हायची होती. अशा चाचणीत भाग घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला आधी माहितीपत्रक आणि संमतीपत्र द्यावं लागतं. ते त्याला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे, एथिक्स कमिटीनं ते मंजूर केलेलं पाहिजे, आणि रुग्णानं त्यावर सही किंवा अंगठा केल्याशिवाय चाचणीची एकही तपासणी सुरू करता येत नाही. मूळ इंग्रजी मजकूर १४ पानांचा होता. एका अनुवाद संस्थेनं त्याचं मराठी करून दिलं होतं. दुसऱ्या एका अनुवादकानं मूळ इंग्रजी न पाहता ते मराठी पुन्हा इंग्रजीत नेलं होतं, आणि दोन्ही इंग्रजी मजकूर जुळतात असं प्रमाणपत्र सोबत जोडलेलं होतं. या उलट्या फेरीला या कामात सगळे बॅक ट्रान्सलेशनच म्हणतात.

एथिक्स कमिटीत डॉक्टर आणि कायदेतज्ज्ञांबरोबर एक सामान्य नागरिकही असावा, असा नियम आहे. बैठकीत त्याच सदस्यानं सांगितलं की पाचव्या पानावरचं एक वाक्य पुन्हा पुन्हा वाचूनही आपल्याला कळलं नाही, तर रुग्णाला ते कसं कळणार? कमिटीनं मराठी प्रत परत पाठवली आणि स्वतंत्र तपासणी करून आणायला सांगितलं. चाचणीच्या को-ऑर्डिनेटरनं सगळे कागद माझ्याकडे आणून दिले. ती म्हणाली, "मॅडम, बॅक ट्रान्सलेशन तर पूर्ण मॅच झालंय. मग चुकलंय काय, तेच कळत नाही."

आधी फक्त मराठी

पहिल्या वाचनाला मी इंग्रजी प्रत पाकिटातच ठेवली. एकदा मूळ वाक्य डोक्यात गेलं की मराठी कितीही अडखळणारं असलं तरी ते समजल्यासारखं वाटतं, कारण आपण ते इंग्रजीच्या आधारानं वाचत असतो. रुग्णाला तो आधार नसतो. म्हणून आधी एक सलग वाचन फक्त मराठीचं, हातात पेन्सिल घेऊन. जिथे थांबावं लागलं, मागे जावं लागलं, किंवा कर्ता कोण ते शोधावं लागलं, तिथे समासात फक्त एक रेघ मारायची. दुरुस्ती करायची नाही, कारण दुरुस्तीत गुंतलं की वाचकाची नजर जाते आणि संपादकाची येते.

कमिटीच्या सदस्याला अडलेलं वाक्य हे होतं : "आपण कोणत्याही दंडाशिवाय किंवा ज्या फायद्यांना आपण अन्यथा पात्र आहात त्यांच्या नुकसानाशिवाय कोणत्याही वेळी अभ्यासातून माघार घेण्यास मुक्त आहात." शब्द सगळे मराठी आहेत, व्याकरणही सुटलेलं नाही. तरी हे वाक्य कुणी मराठी माणूस बोलणार नाही. इंग्रजी वाक्य मुख्य गोष्ट सुरुवातीला सांगून अटी मागे जोडत जातं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे त्याच अटी क्रियापदाच्या आधी कोंबल्या जातात, आणि वाचणाऱ्याला "मुक्त आहात" येईपर्यंत सगळं ओझं डोक्यात धरून ठेवावं लागतं. त्यात "मुक्त" हा शब्द आपण तुरुंगातून, कर्जातून किंवा व्यसनातून सुटल्यावर वापरतो. इथे म्हणायचं इतकंच आहे की बाहेर पडता येईल.

मी ते वाक्य तोडलं : "तुम्ही या संशोधनातून कधीही बाहेर पडू शकता. त्यासाठी तुम्हाला कोणतीही शिक्षा किंवा दंड होणार नाही. या रुग्णालयात तुम्हाला एरवी जे काही मिळते, म्हणजे उपचार, औषधे, सवलती, ते सगळे तसेच मिळत राहील." एकाची तीन वाक्यं झाली. मजकूर मात्र तेवढाच आहे. "दंड" एकटा ठेवला असता तर तो फक्त पैशांचा वाटला असता, म्हणून "शिक्षा" जोडली. मूळ इंग्रजी शब्दात दोन्ही येतं.

अशा रेघा पानोपानी होत्या. "रक्ताचे नमुने अभ्यास कर्मचाऱ्यांद्वारे गोळा केले जातील", "आपणास माहिती प्रदान केली जाईल", "हे महत्त्वाचे आहे की आपण सर्व गोळ्या परत आणाव्यात". या प्रकारच्या वाक्यांत अर्थ बिघडलेला नसतो. फक्त मराठी वाचताना मागची इंग्रजी रचना ऐकू येत राहते. "द्वारे" दिसलं की मी कर्ता पुढे आणते : नर्स तुमचं रक्त घेईल. "प्रदान" दिसलं की "देऊ". "हे महत्त्वाचे आहे की" दिसलं की तो जोर वाक्यातच कुठेतरी बसवते : "उरलेल्या गोळ्या प्रत्येक वेळी आठवणीने परत आणा." हे काम हाताला सवय झाली की भराभर होतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

"आपण" मात्र थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. अनुवादिकेनं आदर म्हणून सगळीकडे "आपण" आणि "आपले" वापरलं होतं. आठव्या पानावर वाक्य होतं : "अभ्यास डॉक्टर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना याबाबत कळवतील." मराठीत "आपला" वाक्यातल्या कर्त्याकडे वळतो. त्यामुळे इथे चाचणीचे डॉक्टर स्वतःच्या डॉक्टरांना कळवतील, असा अर्थ आधी लागतो. म्हणायचं होतं, रुग्णाच्या फॅमिली डॉक्टरांना. शिवाय "आपण"मध्ये सांगणाराही येऊ शकतो. "आपल्या रक्ताची तपासणी" म्हणजे तुमच्या रक्ताची की आपल्या सगळ्यांच्या? संमतीपत्रात कोण कुणाला काय करणार हे स्वच्छ दिसलं पाहिजे. म्हणून सगळीकडे "तुम्ही" केलं. "तुम्ही" पुरेसं आदराचं आहे. ओपीडीत डॉक्टर रुग्णाशी "तुम्ही" म्हणूनच बोलतात.

ज्या वाक्यांवर रेघ पडली नाही

दुसऱ्या वाचनाला इंग्रजी प्रत बाहेर काढली आणि एकेक वाक्य शेजारी ठेवून पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की सगळ्यात गंभीर चुका अडखळणाऱ्या वाक्यांत नव्हत्याच. त्या गुळगुळीत, सहज वाचता येणाऱ्या वाक्यांत होत्या.

सहाव्या पानावर लिहिलं होतं : "प्रत्येक भेटीपूर्वी कृपया ८ तास उपवास करावा." मूळ इंग्रजीतला शब्द "फास्ट" होता. शब्दकोशात त्याला उपवास हाच शब्द सापडेल, आणि बॅक ट्रान्सलेशनमध्ये तोच "फास्ट" परतही आला होता. जुळणी शंभर टक्के. पण मराठी घरात उपवास म्हणजे काय? साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, केळं, बटाट्याचा कीस, दूध, आणि चहा तर हवाच. उपवासाला काय चालतं याची प्रत्येक घराची स्वतःची यादी असते, आणि त्या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थानं रक्तातली साखर वाढते. संमतीपत्रातली सूचना मनापासून पाळणारी बाई सकाळी कपभर चहा आणि वाटीभर खिचडी खाऊन येईल. तिच्या रक्ताचा आकडा चढलेला येईल, आणि हे औषध साखर किती उतरवतं हेच तर त्या चाचणीत मोजायचं होतं. अशी तपासणी उपाशीपोटी करायची म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काहीही पोटात गेलेलं नको.

दुरुस्त वाक्य असं झालं : "प्रत्येक भेटीच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर, रक्त देईपर्यंत किमान ८ तास काहीही खाऊ-पिऊ नका. चहा, दूध, फळे आणि उपवासाचे पदार्थही नकोत. पाणी पिऊ शकता." मुंबईत "उपाशीपोटी" हा शब्द सर्वांना कळतो, लॅबच्या काउंटरवर "फास्टिंगचं ब्लड" असंही सर्रास म्हणतात. तरी मी फक्त "उपाशीपोटी" वर भागवलं नाही, कारण उपाशीपोटी असूनही चहा घेतला तर चालतो असं मानणारे पुष्कळ असतात. चहा-दूध आणि उपवासाचे पदार्थ मूळ इंग्रजीत नव्हते. ही भर मी माझ्या अखत्यारीत घातली नाही. शेरा लिहून प्रस्ताव म्हणून पाठवली, आणि प्रमुख डॉक्टरांनी ती मान्य केल्यावरच ती प्रतीत आली.

दुसरी जागा याहून काळजीची. रक्तातली साखर एकदम उतरली तर काय होतं याची लक्षणं दिली होती. त्यात पहिलं लक्षण होतं "डोके हलके वाटणे". इंग्रजीतल्या "लाइट-हेडेड" शब्दाचे दोन तुकडे करून दोन्हींचं मराठी केलेलं. मराठीत डोकं हलकं कधी होतं? चिंता मिटली, मनातलं कुणापाशी बोलून झालं, ठणका थांबला की. म्हणजे धोक्याचं लक्षण बरं वाटण्याचं लक्षण होऊन बसलं. ज्या क्षणी त्या माणसानं साखर तोंडात टाकून डॉक्टरांना फोन करायला हवा, त्या क्षणी त्याला कागदावरून उलटी खूण मिळणार. त्याच यादीत "थंड घाम", "अस्थिरता" आणि "गोंधळ" होतं. आम्ही ती यादी माणसं जशी बोलतात तशी केली : "चक्कर आल्यासारखे वाटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, दरदरून घाम फुटणे, हातपाय थरथरणे, काही सुचेनासे होणे". "गोंधळ" एकटा शब्द म्हणून चुकीचा नाही. पण घरी "मला गोंधळ होतोय" असं कुणी सांगत नाही. "काही सुचत नाही", "असंबद्ध बोलायला लागले" असं सांगतात, आणि हे लक्षण बऱ्याचदा रुग्णाच्या आधी घरच्यांच्याच लक्षात येतं.

तिसरी जागा एका क्रियापदाची. इंग्रजीत म्हटलं होतं की या चाचणीत भाग घेतल्यानं तुम्हाला फायदा होईलच असं नाही. मराठीत झालं होतं : "या अभ्यासातून आपल्याला फायदा होऊ शकत नाही." ही चूक मला अनुवादांत वरचेवर भेटते. इंग्रजी "मे" दिसलं की "शकतो" लावायचं, "मे नॉट" दिसलं की "शकत नाही" लावायचं, असा हात बसून जातो. पण मराठीत "होऊ शकतं" म्हणजे शक्यता आहे, आणि "होऊ शकत नाही" म्हणजे शक्यताच नाही. इंग्रजीतला नकार फायद्याला लागतो, मराठीतला शक्यतेला. म्हणून रुग्णाला सांगितलं गेलं की फायदा होणं अशक्य आहे. योग्य मराठी "फायदा होईल किंवा होणारही नाही", किंवा सरळ "फायदा होईलच असे नाही".

त्याच परिच्छेदात "या औषधाचे सर्व दुष्परिणाम माहीत नाहीत" असं होतं. याचे दोन अर्थ लागतात : काही माहीत आहेत आणि काही नाहीत, किंवा एकही माहीत नाही. मराठीत हा पेच सोडवायला एक अक्षर पुरतं : "सगळेच दुष्परिणाम अजून माहीत झालेले नाहीत." तो "च" आला की दुसरा अर्थ उरत नाही.

मग बॅक ट्रान्सलेशननं हे का पकडलं नाही?

को-ऑर्डिनेटरच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. उलट अनुवाद करणारा माणूस निष्काळजी नव्हता. त्याला इंग्रजी उत्तम येत होतं, आणि म्हणूनच "डोके हलके वाटणे" वाचताच त्याला खालचा इंग्रजी शब्द दिसला. "होऊ शकत नाही" वाचून त्यानं "मे नॉट" लिहिलं, कारण संमतीपत्रात ते वाक्य तसंच असतं हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. मराठी जितकं इंग्रजीच्या साच्यातलं, तितकं ते पुन्हा इंग्रजीत नेणं सोपं, आणि तितकी जुळणी चांगली. म्हणजे शब्दशः अनुवादाला या परीक्षेत सगळ्यात जास्त गुण मिळतात. उलट "काही सुचेनासे होणे" परत इंग्रजीत गेलं की मूळ शब्दापासून थोडं लांब जातं, आणि त्यावर शेरा येतो.

याचा अर्थ ती फेरी निरुपयोगी आहे असा नाही. याच संमतीपत्रात तिनं एक मोलाची चूक पकडली होती. चाचणीमुळे इजा झाली तर रुग्णावर मोफत उपचार करावे लागतात. २०१९ च्या नियमांनुसार ते गरज असेपर्यंत, किंवा इजा चाचणीमुळे झालेली नाही असं सिद्ध होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत. मराठीच्या पहिल्या मसुद्यात हे "जे आधी होईल" गळलं होतं. वाक्य त्याशिवायही छान वाहत होतं. नुसतं मराठी वाचून ते कुणालाच कळलं नसतं, पण उलट अनुवादात लगेच दिसलं आणि संस्थेनं दुरुस्त केलं. गळलेला मजकूर, बदललेला आकडा, चुकलेलं एकक असल्या गोष्टी उलट अनुवाद पकडतो. मराठी वाचकाच्या मनात काय उमटेल, हे मात्र त्यातून कळू शकत नाही.

ते कळायला वाचक लागतात. मंजुरी न मिळालेलं संमतीपत्र प्रत्यक्ष रुग्णांना दाखवता येत नाही. म्हणून मी औषधाचं आणि रुग्णालयाचं नाव काढून, निवडक वाक्यं मोठ्या अक्षरांत छापून, चाचणीशी संबंध नसलेल्या दोघांना वाचायला दिली. लालबागमध्ये पोळीभाजीचे डबे करणाऱ्या एक मावशी, ज्यांना कित्येक वर्षं शुगर आहे, आणि नायगावचे एक निवृत्त बस कंडक्टर. "कळलं का?" असं विचारायचं नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. विचारायचं, "हे शेजारणीला सांगायचं तर कसं सांगाल?"

उपवासाच्या जुन्या वाक्यावर मावशी म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी वरीचे तांदूळ करून जायचं. पण मला बाई वरीनं पित्त होतं, राजगिऱ्याचा लाडू चालेल का?" को-ऑर्डिनेटर शेजारीच बसली होती. त्यानंतर या वाक्यावर तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. काकांना अडलं ते "अभ्यास". "ताई, अभ्यास कुणी करायचा? आम्ही की डॉक्टरांनी?" अभ्यास मुलं करतात, म्हणून सगळीकडे "संशोधन" केलं, आणि पहिल्या पानावर एकदाच सांगितलं की हे संशोधन म्हणजे नव्या औषधाची चाचणी आहे. "चाचणी" सगळीकडे ठेवली नाही, कारण पुढे रक्ताच्या तपासण्याही होत्या आणि दोन्हींची गल्लत झाली असती. मधुमेहाचंही असंच झालं. दोघंही बोलताना "शुगर"च म्हणत होते. तरी "मधुमेह" त्यांना व्यवस्थित कळत होता, म्हणून तो ठेवला, आणि पहिल्या उल्लेखात "मधुमेह म्हणजेच शुगरचा आजार" असं लिहिलं.

नाणं, चिठ्ठी आणि लॉटरी

सगळ्यात जास्त वेळ एका परिच्छेदानं घेतला. सगळ्या रुग्णांची नेहमीची औषधं चालूच राहणार होती. वर कुणाला नवी गोळी मिळणार आणि कुणाला प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, हे कॉम्प्युटर ठरवणार होता. प्रमाण दोनास एक. मराठीत होतं : "आपणास २:१ या गुणोत्तरामध्ये यादृच्छिकपणे दोन उपचार गटांपैकी एका गटामध्ये नियुक्त केले जाईल, जे की नाणे उडवण्यासारखे आहे." "यादृच्छिक" हा शब्द संख्याशास्त्राच्या पुस्तकात बरोबर आहे. मावशींनी त्याच्यावर बोट ठेवून "हे काय?" विचारलं आणि पुढे वाचणं थांबवलं. "नियुक्त" तर नोकरीवर होतात.

पण अनुवादापलीकडचीही एक अडचण होती. नाणं उडवलं तर शक्यता निम्मी-निम्मी असते. प्रमाण दोनास एक असताना नाण्याचं उदाहरण मुळातच चुकलेलं होतं. अनुवादिकेनं ते इमानानं मराठीत आणलं होतं, त्यात तिचा दोष नाही. अशा वेळी तपासणाऱ्यानं मराठीत गुपचूप सुधारून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मग इंग्रजी वाचणाऱ्या रुग्णाला एक सांगितलं जातं आणि मराठी वाचणाऱ्याला दुसरं, आणि चूक मूळ प्रतीत तशीच राहून हिंदी-गुजराती अनुवादांतही जाते. मी ती शंका म्हणून नोंदवून औषध कंपनीकडे पाठवायला सांगितली. त्यांनी ती मान्य केली आणि इंग्रजीत नाण्याच्या जागी चिठ्ठ्या उचलण्याचं उदाहरण घातलं.

मराठीत त्यासाठी को-ऑर्डिनेटरनं "लॉटरी" सुचवली. "मुंबईत लॉटरी सगळ्यांना कळते, मॅडम." कळते खरी, पण मुंबईत लॉटरी म्हटलं की आधी म्हाडाची घरं आठवतात. लॉटरी "लागते", आणि ज्याला लागली तो नशीबवान. मग नवी गोळी मिळणं म्हणजे बक्षीस आणि प्लासिबो मिळणं म्हणजे हुकलेली संधी, असा सूर लागला असता. ती गोळी चांगली की वाईट हेच अजून ठरायचं होतं, त्यामुळे एका बाजूला झुकणारा शब्द संमतीपत्रात चालणार नव्हता. शेवटी असं लिहिलं : "तुम्हाला कोणती गोळी मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत आणि तुम्हालाही निवडता येणार नाही. चिठ्ठी उचलावी तसे ते कॉम्प्युटर ठरवेल. समजा तीन चिठ्ठ्या आहेत, तर त्यांतल्या दोन नव्या औषधाच्या आणि एक प्लासिबोची. प्लासिबो म्हणजे दिसायला अगदी तशीच गोळी, पण तिच्यात औषध नसते. कोणती गोळी मिळाली आहे हे ना तुम्हाला कळेल, ना डॉक्टरांना. तातडीची वेळ आली तर मात्र डॉक्टर ते शोधून काढू शकतात."

आधीच्या मसुद्यांपैकी एकात "खोटी गोळी" होतं. "खोटी" म्हटलं की फसवणूक डोळ्यांपुढे येते, म्हणून ते काढलं.

सहीचं पान

शेवटच्या पानावर रुग्ण स्वतः बोलतो. तिथे "मी संमती देत आहे", "मी सहभागी होण्यास तयार आहे" अशी चालणारी वाक्यं होती, आणि मध्येच "मला समजावून सांगण्यात आले असून मी प्रश्न विचारू शकलो/शकले", "मी सहभागी होतो/होते", "मी हे स्वेच्छेने करतो/करते" अशा तिरप्या रेघा. ज्याला हे पान मोठ्यानं वाचून दाखवलं जातं, त्याला त्या रेघा फार त्रास देतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या रुग्णाला ते निःपक्ष साक्षीदारासमोर वाचूनच दाखवावं लागतं. मराठीत यातून बाहेर पडायला चांगली वाट आहे. बहुतेक सकर्मक क्रियापदांचा भूतकाळ कर्त्याच्या लिंगानुसार बदलत नाही, तो कर्माप्रमाणे चालतो : "ही माहिती मी वाचली आहे किंवा मला वाचून दाखवली आहे. माझ्या मनातले प्रश्न मी विचारले आणि त्यांची उत्तरे मला मिळाली. या संशोधनात भाग घ्यायला माझी संमती आहे. ही संमती मी स्वखुशीने दिली आहे." बाई वाचो किंवा पुरुष, एकाही शब्दाला रेघ लागत नाही.

काही गोष्टी मी मुद्दाम तशाच ठेवल्या. "लघवी", "उलटी", "जुलाब" अनुवादिकेनं नेमके वापरले होते. दोन-तीन ठिकाणी मी वेगळा शब्दक्रम लिहिला असता, पण तिचा चुकलेला नव्हता. तिनं विचारलंही, "मॅडम, या पानावर काहीच खुणा नाहीत?" त्या पानाला खुणा लागतच नव्हत्या. तपासणी म्हणजे आपल्या आवडीचं मराठी दुसऱ्याच्या कागदावर लिहिणं नव्हे. म्हणून प्रत्येक बदलाशेजारी मी कारण लिहिते : अर्थ बदलला, मजकूर गळला, समजत नाही, किंवा साचा इंग्रजी. चारांपैकी एकही कारण बसलं नाही तर तो बदल मी पुसते.

नव्या मराठीचं पुन्हा बॅक ट्रान्सलेशन झालं आणि अपेक्षेप्रमाणे कंपनीकडून फरकांची यादी आली. एका वाक्याची तीन का झाली, "खाऊ-पिऊ नका" का, "डोके हलके" कुठे गेलं. प्रत्येक फरकापुढे जुन्या वाक्याचा मराठी वाचक काय अर्थ लावेल ते दोन ओळींत लिहून दिलं. उपवासाच्या नोंदीत साबुदाणा आणि चहा लिहिले, दुसरं काही लिहावं लागलं नाही. "यादृच्छिक" हा शब्द मात्र एकदा तरी राहिलाच पाहिजे, असा कंपनीचा आग्रह होता. तो सोप्या भाषेतल्या त्या परिच्छेदाच्या शेवटी, "या पद्धतीला यादृच्छिक निवड म्हणतात" असा ठेवला. तिथे तो कुणाला अडवत नाही.

चिठ्ठीच्या बदलामुळे इंग्रजी प्रतीचा क्रमांक २.० चा २.१ झाला. मराठी प्रतीच्या तळटिपेतही त्याच क्रमांकाचा आणि तारखेचा उल्लेख लागतो, म्हणून अनुवाद संस्थेनं बदललेल्या वाक्यांसह पूर्ण मजकूर पुन्हा आपल्या सॉफ्टवेअरमधून काढला. त्या सॉफ्टवेअरमध्ये आधी अनुवाद केलेली वाक्यं जोडीनं साठवलेली असतात आणि तेच इंग्रजी वाक्य पुन्हा दिसलं की साठवलेलं मराठी आपोआप भरलं जातं. आमच्या दुरुस्त्या वर्ड फाइलमध्ये झाल्या होत्या, त्या साठ्यात गेल्याच नव्हत्या. नवी प्रत आली तेव्हा सहाव्या पानावर पुन्हा "८ तास उपवास करावा" होतं, आणि लक्षणांच्या यादीत डोकं पुन्हा हलकं झालं होतं.

मंजूर प्रत आणि नवी प्रत शब्दागणिक ताडून पाहिली, म्हणून ते सापडलं. मग संस्थेला दुरुस्त वाक्यांच्या जोड्या एका तक्त्यात दिल्या, त्यांनी साठ्यातल्या जुन्या जोड्या काढून त्या जागी या घातल्या, आणि प्रत पुन्हा काढली. हीच कंपनी त्याच औषधाची आणखी एक चाचणी मराठीत करणार होती. तिचं संमतीपत्र त्याच साठ्यातून निघणार होतं. म्हणून तक्त्याची एक प्रत त्या चाचणीच्या फाइलला लावायला को-ऑर्डिनेटरला सांगितलं. तिनं ती लावली आणि उपवासाच्या ओळीखाली लाल रेघ मारली.